दादांचा पाय, माझा अंगठा

लग्नाच्या मांडवात गिटारवाल्याला सगळे ओळखतात. ड्रमवाल्याभोवती तर पोरं कोंडाळं करून बसतात. बास गिटारवाल्याला मात्र जेवणाच्या पंगतीत कुणीतरी विचारतं, ‘तुम्ही पण वाजवत होतात का?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला, की मी ‘नाही, मी बॅटरी सांभाळायला आलोय’ असं उत्तर द्यायला लागलो होतो. लोकांना ते पटायचंही. याचा मला फार राग यायचा. आता येत नाही असं म्हणणार होतो, पण थोडा येतोच.

एकोणीसशे साठचं दशक अर्धं सरत आलं होतं. मी रेवदंड्याला एका लाकडाच्या वखारीत कारकून होतो. फळ्या मोजायच्या, घनफूट काढायचे आणि लाकडाच्या नावाने शिमगा करणाऱ्या गिऱ्हाइकांना शांत करायचं, हे माझं काम. संध्याकाळी मी बेंजो वाजवायचो. आमच्या कोळीवाड्यात बेंजोची पार्टी होती आणि हळदीच्या मांडवात माझी बोटं अशी पळायची की बाया नाचता नाचता थांबून बघायच्या. निदान मला तरी तसं वाटायचं.

दादा वखारीत लाकूड घ्यायला यायचे. खाडीपलीकडे कोरलईला राहणारे ते ख्रिस्ती सुतार. होड्या बांधायच्या, जुन्या होड्यांच्या फळ्या बदलायच्या, हा त्यांचा धंदा. वयाने माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. फळी निवडताना ते तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि मान कलती करून ऐकायचे. इतर सुतार गाठी बघायचे, हे आवाज ऐकायचे. एकदा त्यांनी सागाची एक आखूड, जाड फळी उचलली. होडीला तिचा काहीच उपयोग नव्हता. मी विचारलं, ‘दादा, हिचं काय करणार?’

‘गिटार करनार. जाड आवाजाची. आमचे मास्तर बोलतात, ती नसंल तर आमचा बॅंड बिनबुडाचा हाय.’

‘आणि वाजवणार कोण?’

त्यांनी फळी खांद्यावर टाकली आणि माझ्या बोटांकडे बघितलं. ‘तुज्या बेंजोचा लय गवगवा हाय म्हनं.’

असा मी अडकलो. मला वाटलं होतं, गिटार म्हणजे गिटार, पुढे उभं राहून वाजवायची. ही मागे उभं राहून वाजवायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तर मूळचे गोव्याचे. उभी हयात त्यांनी मुंबईच्या हॉटेलांतल्या बॅंडमध्ये गिटार वाजवण्यात घालवली होती आणि आता दम्याने हैराण होऊन बायकोच्या गावी, कोरलईला येऊन राहिले होते. बासला लागणारं चुंबक आणि तारा त्यांनीच मुंबईहून आणवल्या. बाकी सगळं दादांनी केलं. मानेवर पट्ट्या ठोकताना ते मास्तरांच्या गिटारवरून अंतर मोजायला गेले, तेव्हा मास्तरांनी डोक्याला हात लावला आणि हिशेब करून दिला, कारण बासची मान लांब असते. दोन महिन्यांनी ती तयार झाली. चार जाड तारा, अंगाने होडीच्या तुकड्यासारखी आणि वजनाने म्हणाल तर दोन पायल्या तांदळाएवढी. आवाजासाठी लाऊडस्पीकरवाल्याचा ॲम्प्लिफायर, तो मोटारीच्या बॅटरीवर चालायचा, आणि दादांनीच खोक्याच्या फळ्यांतून बांधलेली स्पीकरची एक पेटी.

पहिल्या दिवशी मी बेंजोच्या सवयीने सबंध गाण्याची चाल त्या चार तारांवर वाजवून दाखवली. फार खूश होतो स्वतःवर. मास्तर खोकले आणि म्हणाले, ‘व्हेरी गुड मॅन. आता हे सगळं विसर.’

मग त्यांनी मला कॉर्डचं मूळ शिकवलं. त्यांनी सी या कॉर्डचे तीन सूर एकदम छेडले आणि मला म्हणाले, ‘तू खाली सी दे.’ मी दिला. तो आवाज ओट्यावर बसलेल्या माणसासारखा ऐसपैस वाटला. ‘आता मी काही बदलत नाही. बोटं बघ, तिथेच आहेत. तू ए दे.’ मी ए दिला. मास्तरांची बोटं खरंच हलली नव्हती, पण तोच कॉर्ड एकदम हिरमुसला. घरातलं माणूस गावाला गेल्यावर ओटा वाटतो तसा. मी दोन-तीनदा उलटसुलट करून बघितलं. दर वेळी तेच.

‘बघितलंस?’ मास्तर म्हणाले. ‘लोक मला ऐकतात. पण मी हसतोय की रडतोय, ते खाली तू काय ठेवतोस त्यावर ठरतं. म्हणून आधी मूळ. मूळ पक्कं झालं की पाचवा सूर. मग बाकीच्या गमजा.’

गमजा म्हणजे चालता बास. एका कॉर्डच्या मुळावरून पुढच्या कॉर्डच्या मुळाकडे जाताना चार ठोक्यांची चार पावलं टाकायची, आणि अशी टाकायची की पुढचा कॉर्ड सुरू होताना, पहिल्या ठोक्याला, पाय बरोबर त्याच्या उंबऱ्यावर पडला पाहिजे. अर्धं पाऊल आधी नाही, अर्धं नंतर नाही. मास्तर त्याला ‘चढण’ म्हणायचे. मला ती चढण फार आवडायची आणि म्हणूनच मी ती नको तिथे घालायचो.

त्यावर उपाय दादांनी केला. बॅंडमध्ये ड्रम ते वाजवायचे. त्यांच्या होड्यांच्या शेडमध्ये आम्ही रविवारी दुपारी बसायचो. ड्रमचं कातडं दमट हवेत सैल पडायचं, ते आधी निखाऱ्यावर शेकून घ्यायचं, मग वाजवायचं. मोठा ड्रम त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणला होता. पायाने वाजवायचं पेडल मोडकं होतं, ते त्यांनी लाकडात नवं केलं. एका रविवारी मी जोरात चढणउतरण करत असताना त्यांनी काठ्या खाली ठेवल्या.

‘तू बोलत ऱ्हातोस तवा माजा पाय कुनाला ऐकू येत न्हाय.’

‘मग मी काय करू?’

‘हितं ये. गुडघा लाव.’

त्यांनी मला मोठ्या ड्रमला खेटून उभं केलं. माझा डावा गुडघा ड्रमच्या लाकडी कड्याला टेकला. त्यांनी पाय मारला तेव्हा तो धक्का गुडघ्यातून थेट मांडीपर्यंत आला.

‘पयल्याला आनि तिसऱ्याला माजा पाय पडंल. तवा तुजा अंगठा. दुसऱ्याला आनि चौथ्याला ह्या डाव्या पायाखालच्या थाळ्या मिटतील. थाळी मिटली की तुजा सूर पन मिटला पायजे. लोंबत ठेवू नको.’

सूर केव्हा सुरू करायचा हे मला माहीत होतं. तो कुठे सोडायचा हे मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. चार-पाच रविवार आम्ही दोघंच तेवढंच करत होतो. पाय आणि अंगठा, मूळ आणि पाचवा, थाळी आणि गप्प. मास्तर बाजूला बसून विड्या ओढत आणि दम्याला शिव्या देत. मला कंटाळा यायचा, मी कुरकुरायचो. दादांना कंटाळा यायचाच नाही. एक दिवस मात्र असं झालं की माझा सूर आणि त्यांचा ठोका वेगळा काढता येईना. ड्रमलाच सूर फुटल्यासारखं वाटलं. मी चमकून दादांकडे बघितलं. ते दात काढून हसत होते.

‘आता बसला खुंटा,’ ते म्हणाले.

त्या दिवसापासून माझा गुडघा ड्रमला आणि डोळे मास्तरांच्या डाव्या हातावर. मास्तर कुठल्या कॉर्डचा आकार धरतायत ते बघायचं आणि त्याचं मूळ द्यायचं. बोटांचा एक आकार म्हणजे जी, दुसरा म्हणजे सी, तिसरा म्हणजे डी. बघून वाजवण्यात माझा हात इतका बसला की मास्तर वैतागायचे. ‘हात काय बघतोस मॅन? हात खोटं बोलेल. कान लाव.’ मी मान डोलवायचो आणि हातच बघायचो. चूक होत नव्हती, मग कशाला सुधारायचं? माझा स्वभावच तसा आहे.

दादांना एकच मुलगी. तिची आई ती बारा वर्षांची असताना गेली आणि तेव्हापासून घर तिनेच ओढलं. शेडमध्ये चहा तीच आणायची, ड्रमचं कातडं शेकायला निखारे तीच द्यायची आणि माझ्या चुका मास्तरांच्या आधी तिच्या लक्षात यायच्या. तोंडावर सांगायचीही. बाप-लेकीचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही. आई गेल्यावर दादा वर्षभर धड जेवले नव्हते, कामाला हात लावला नव्हता, समोर येईल त्याच्याजवळ रडायचे. ते सगळं त्या पोरीने बघितलं होतं. त्यामुळे तिने दोन स्थळं परतवली होती. एक वसईचं, एक मुंबईचं. कारण विचारलं की सांगायची, ‘पप्पांना कोन बघील?’

तिसरा मुलगा तिला मनापासून आवडला होता. बहरीनला नोकरीला होता, रजेवर आला होता, आणि लग्न करून चार दिवसांनी तिला बोटीने घेऊन जाणार होता. तिने होकार दिला, पण बापाला एक अट घातली. अट शेडमध्येच घातली, आमच्या देखत.

‘माज्या लग्नात तुमी रडायचं न्हाय. तुमी रडलात तर मी बोटीत चढनार न्हाय. मंग मला बोल लावू नका.’

ती हसत बोलत होती, पण आम्हाला तिघांनाही कळलं की हे तिने ठरवलेलं आहे. ती बोलली ते करायची, दोन स्थळं काही उगाच परत गेली नव्हती. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कबूल केलं. ती निखारे घेऊन आत गेल्यावर ते बराच वेळ पेडलच्या दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधत बसले.

‘मी ड्रमवर बसतो,’ ते शेवटी म्हणाले.

‘पोरीच्या लग्नात बाप ड्रमवर?’ मास्तर ओरडले. ‘लोक काय म्हणतील?’

‘लोकांना बोलू दे. पाय चालू आसला की माज्या डोळ्याला पानी येत न्हाय. बायको गेली त्या वर्साला मी वाजवलाच न्हाय, म्हनून तेवडा रडलो. तुमी दोगं माज्या पायाला सोडू नका म्हंजे झालं.’

‘नाही सोडणार,’ मी म्हणालो. मला ते अगदी सोपं काम वाटलं होतं.

मास्तरांनी लग्नासाठी एक नवीन गाणं बांधलं. शब्द कोरलईच्या ख्रिस्ती घरांतल्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीतले, मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण चाल अशी उड्या मारणारी की बसलेल्या माणसाचाही पंजा हलावा. मुद्दामच तसं बांधलं होतं. त्या दिवशी मांडवात उदास असं काही वाजता कामा नये, असा दादांचा हुकूम होता. जी, सी आणि डी, तीनच कॉर्ड. मास्तर स्वतः गायचे आणि त्यांच्या जाड गळ्याला तीच पट्टी बरोबर बसायची. आम्ही ते इतकं घोटलं की मी झोपेतही अंगठा हलवायचो.

लग्न मे महिन्यात झालं. सकाळी चर्चमधला विधी उरकला आणि दुपार कलल्यावर घरापुढच्या झापांच्या मांडवात नाच सुरू व्हायचा होता. मी बास गोणपाटात गुंडाळून तरीतून खाडी ओलांडून आलो. तरीवाल्याने ‘मासा मोठा दिसतोय’ म्हणून चेष्टा केली, तीही नेहमीचीच. समोर किल्ल्याचा डोंगर उन्हात तापला होता. मांडवात वाटाणे घातलेल्या मटणाचा आणि केकचा असा दोन्हींचा वास मिसळून येत होता. मी आल्या आल्या बॅटरीच्या तारा जोडायला बसलो, कारण लाऊडस्पीकरवाला जेवायला बसला होता. म्हणजे खरोखरच मी बॅटरी सांभाळत होतो.

त्याच वेळी घरामागे एक गोष्ट घडत होती आणि मला तिचा पत्ताही नव्हता. नवरीची मावशी सकाळीच मुंबईहून आली होती. तिचा गळा गोड, चर्चमध्ये गायची. ती हट्टाला पेटली की गाणं मीच म्हणणार, आईच्या जागी मी. मास्तरांनी तिला गाऊन बघायला सांगितलं. त्यांच्या पट्टीत तिचा आवाज खाली बुडत होता. तेव्हा त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, गिटारच्या मानेवर तिसऱ्या घरात, तारांवर आडवी ठेवली आणि सायकलच्या ट्यूबच्या कातरलेल्या रबराने करकचून बांधली. असं केलं की बोटांचे आकार तेच राहतात, पण सगळं गाणं तीन घरं वर चढतं. आकार जीचा, निघतो बी फ्लॅट. मुंबईच्या बॅंडमध्ये हे रोजचंच. सांगायची गरज नसते, बासवाला पहिल्या सुरालाच ऐकतो आणि सरकतो. मास्तरांनी मला सांगितलं नाही. त्यांच्या मते मला कान होते.

मावशी गिटारच्या मानेच्या टोकापुढे उभी होती. मी माझ्या जागेवर, गुडघा ड्रमला, डोळे मास्तरांच्या बोटांवर. बोटं दिसत होती, पेन्सिल मावशीच्या बाहीआड गेली होती. नवरा-नवरी मधोमध येऊन उभे राहिले. दादा नव्या सुटात ड्रममागे बसले होते, कपाळाला घाम, चेहरा घट्ट. त्यांनी काठ्यांनी चार मोजले.

मास्तरांनी जीचा आकार धरला. मी जी दिला.

मी साफ चुकलो होतो, पण ती चूक कुणाच्या कानाला बोचणारी नव्हती. बोचली असती तर मी तिथल्या तिथे थांबलो असतो. वर बी फ्लॅट वाजत होता आणि खाली माझा जी. सीच्या खाली ए ठेवला होता ना, अगदी तेच नातं. पुढचा आकार आला सीचा, मी सी दिला, वर खरं तर ई फ्लॅट होता. तिथेही तेच. डीलाही तेच. तिन्ही ठिकाणी माझा सूर वरच्या कॉर्डमध्ये विरघळत होता आणि त्याला उदास करत होता. पाचवा सूर दिला तर तोही वरच्याशी जुळायचा. ते उड्या मारणारं गाणं तसंच्या तसं राहिलं, शब्द तेच, चाल तीच, पण सगळ्यावर संध्याकाळ उतरली.

मला वाटलं, मावशीचा आवाजच तसा असेल. मला तर ते सुंदर वाटत होतं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावू लागल्या तेव्हा मी मनातल्या मनात फुशारलोही. आज बास लोकांपर्यंत पोचतोय, असं वाटलं. इतकी लाज मला पुढे कधी कशाची वाटली नाही.

पहिलं कडवं संपता संपता माझ्या गुडघ्याला एक ठोका उशिरा लागला. मग एक हलका. मग लागलाच नाही.

मी वळून बघितलं. दादांच्या काठ्या मांडीवर होत्या. पाय पेडलवर होता, पण हलत नव्हता. डोळे भरून आले होते, अजून सांडले नव्हते. ते मावशीकडे बघत होते. तिचा चेहरा गेलेल्या बहिणीसारखा होता असं नंतर लोक म्हणाले.

मांडवाच्या मध्यावर नवरीचं पाऊल थांबलं. ती आमच्याकडे पाठ करून नाचत होती, पण बापाचा पाय ती जन्मापासून ऐकत आली होती. तिने नवऱ्याचा हात सोडला आणि मान वळवायला लागली. ती पूर्ण वळली असती आणि तिने ते डोळे बघितले असते, तर तो मुलगा बोटीने एकटाच जाणार होता. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

आधार उरला नव्हता. सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा मला टेकायला पाय नव्हता. मग मी एकच केलं, अंगठा चालू ठेवला. पहिल्याला आणि तिसऱ्याला, दादांचा पाय पडला असता तिथे तिथे, आणि दुसऱ्या-चौथ्याला सूर मिटत. ठोका माझ्याकडे आला होता. आणि ड्रम गप्प झाल्यामुळे मला पहिल्यांदा माझा सूर आणि मास्तरांचा कॉर्ड, दोघंच एकमेकांसमोर ऐकू आले. वर हसतंय आणि खाली मी रडवतोय! मी मास्तरांचा हात सोडून गिटारची मान बघितली. मावशीची बाही जरा सरकली होती. पिवळी पेन्सिल दिसली.

मास्तर माझ्याकडेच बघत होते. मला वाटतं सबंध कडवंभर बघत असावेत. त्यांनी डोळ्यांनी फक्त वर खूण केली.

कडव्याचा शेवटचा चार ठोक्यांचा घास उरला होता. बोटांचा आकार डीचा, म्हणजे वाजत होता एफ. पुढच्या पहिल्या ठोक्याला घर यायचं होतं, आणि घर होतं बी फ्लॅट. मी एफवर बोट ठेवलं आणि चढायला लागलो. एफ, जी, ए फ्लॅट, ए. एका ठोक्याला एक पाऊल, घाई न करता. घाई करायची माझी जुनी खोड, पण त्या चार पावलांत ती कुठे गेली कोण जाणे. चढताना मी गुडघा ड्रमच्या कड्याला जोरात दाबून धरला. आता पड, असं मी त्या पायाला मनात म्हणत होतो. दादा, आता पडू दे.

मी बी फ्लॅटवर आलो आणि त्याच क्षणी धक्का माझ्या मांडीपर्यंत आला.

गाणं उजळलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. मावशीने तेच शब्द पुन्हा धरले, पण खाली मूळ आलं होतं आणि वरचं सगळं हसायला लागलं. म्हाताऱ्यांनी पदर सोडले. एक काका खुर्चीवरून उठून एकटेच नाचायला लागले. नवरी पूर्ण वळली तेव्हा तिला बाप दिसला तो दोन्ही हातांनी ड्रमवर तुटून पडलेला, चेहरा घामाने निथळलेला. घामच होता असं ती समजली, किंवा तिने तसं समजायचं ठरवलं. ‘पप्पा!’ ती ओरडली आणि हसली आणि नवऱ्याचा हात तिने पुन्हा धरला. त्यानंतर आम्ही ते गाणं चार वेळा वाजवलं. मी एकदाही मास्तरांच्या हाताकडे बघितलं नाही.

जेवताना मास्तरांनी माझी जी हजेरी घेतली ती छापण्यासारखी नाही. मी खाली मान घालून मटण खात होतो. शेजारच्या एका पाहुण्याने मला विचारलं, ‘तुम्ही पण वाजवत होतात का?’ त्या दिवशी मला राग आला नाही.

चार दिवसांनी पोरगी गेली. रेवसपर्यंत दादा सोडायला गेले, मुंबईच्या लॉंचमध्ये तिची पेटी स्वतः ठेवली, हात हलवला आणि परत आले. रडले नाहीत. ही हकिकत मास्तरांनी मला सांगितली, ते बरोबर होते. परत येताना बसमध्ये दादा लाकडाच्या भावाविषयी बोलत होते म्हणे.

रविवारी मी शेडमध्ये गेलो. जावं की नाही याचा विचार करत गेलो, कारण मी अजून माफी मागितली नव्हती. निखारे दादांनी स्वतःच पेटवले होते, धूर फार झाला होता. मास्तर येऊन बसले होते, पण चहा नव्हता. मी गोणपाट सोडलं आणि म्हणालो, ‘दादा, त्या दिवशी पहिल्या कडव्याला मी चुकलो. मास्तरांनी पट्टी बदलली होती, मी ऐकलं नाही. माझ्यामुळे तुमचा पाय थांबला.’

‘मला ठाव हाय,’ दादा म्हणाले. ते कातडं शेकत होते. ‘मास्तर, पेन्सिल हाय काय?’

मास्तरांनी खिशातून काढून दाखवली.

‘बांधा. आनि तू,’ ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तवा वाजवलंस तसंच वाजव. चुकीचं.’

मास्तरांनी माझ्याकडे आणि मी मास्तरांकडे बघितलं. मग मास्तरांनी पेन्सिल बांधली. मी जागेवर उभा राहिलो, गुडघा लावला. त्या चढ्या पट्टीत गायला कुणी नव्हतं. दादांनी चार मोजले. मास्तरांनी जीचा आकार धरला आणि मी, आता कानाने नीट ऐकत, जाणूनबुजून, खाली जी दिला.

दुसऱ्या ओळीला दादा रडायला लागले. आवाज नाही, नुसतं पाणी, सुटात धरून ठेवलेलं सगळं. शर्टावर पडत होतं, ड्रमवर पडत होतं. मी थांबणार होतो, पण गुडघ्याला ठोका लागत होता. पहिल्याला आणि तिसऱ्याला, एकही उशिरा नाही, एकही हलका नाही. इतका पक्का पाय मी त्यांचा आधी ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही. मग मीही अंगठा सोडला नाही.

कडवं संपत आलं. डीचा आकार आला. मी चढू का म्हणून दादांकडे बघितलं. त्यांनी मान हलवून नको म्हणून सांगितलं आणि आम्ही पहिल्यापासून पुन्हा धरलं.